चौकट आणि तक्तपोशी: किती घनफूट लाकूड घ्यावे?

लाकडाचा हिशेब घनफुटात होतो आणि त्याचे सूत्र शाळकरी मुलालाही जमेल इतके सोपे आहे. रुंदी इंचात, जाडी इंचात आणि लांबी फुटात घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि 144 ने भागायचे. पाच बाय तीन इंचांचा आठ फुटी नग असेल, तर 5 × 3 × 8 म्हणजे 120, भागिले 144, म्हणजे 0.83 घनफूट. वखारवाला हाच हिशेब पावतीवर ‘सीएफटी’ म्हणून लिहितो. सरकारी कामात घनमीटर चालतो. एका घनमीटरात सुमारे 35.3 घनफूट बसतात.

सूत्र सोपे असूनही लाकूड कमी पडते आणि काम अर्धवट असताना पुन्हा वखारीत जावे लागते. दुसऱ्या खेपेला आणलेल्या मालाचा रंग आणि रेषा पहिल्याशी जुळतीलच असे नाही. सहसा चूक गुणाकारात नसते, तर कोणती मापे गुणायची हे ठरवण्यात असते. भिंतीत बसलेल्या चौकटीचे माप वेगळे, ती ज्या चिरलेल्या लाकडातून निघाली त्याचे माप वेगळे. या दोन मापांमधले अंतर भरून काढायला बहुतेक घरांत एकच तोडगा वापरतात: ‘वर दहा टक्के धरा.’ चौकटीच्या बाबतीत हा अंदाज थोडक्यात चुकतो. जमिनीच्या फळ्यांच्या बाबतीत तो सपशेल फसतो. याचे कारण रंध्यात आहे.

करवतीतून आलेल्या लाकडाचा पृष्ठभाग खरबरीत असतो. रंधा मारून तो गुळगुळीत करताना प्रत्येक बाजूने साधारण एक सूत लाकूड जाते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जवळपास तीन मिलिमीटर. लाकूड पाच इंच जाड असो की एक इंच, रंधा प्रत्येक बाजूचे तेवढेच एक सूत खातो. दोन्ही बाजूंनी रंधा मारला, तर पाच इंचांतून पाव इंच जातो, म्हणजे पाच टक्के. एक इंचाच्या फळीतूनही पाव इंचच जातो, पण तो पंचवीस टक्के होतो. म्हणून रंध्याची घट टक्क्यांत धरणे हीच मुळात चुकीची रीत आहे. ही घट आधी मापात, सुतांमध्ये मिळवायची आणि नंतर घनफूट काढायचे. शेवटी टक्के लावायचे ते फक्त गाठी, भेगा आणि बाद होणाऱ्या तुकड्यांसाठी.

उदाहरणासाठी एक मध्यम घर घेऊ. त्यात चार दारे आहेत, त्यांपैकी एक मुख्य दार उंबरठ्याचे. शिवाय दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर माळा असून त्याला लाकडी फळ्यांची तक्तपोशी करायची आहे. फळ्यांखालच्या कड्या आधीच बसवलेल्या आहेत, त्यामुळे त्यांचे लाकूड या हिशेबात नाही.

आधी चौकट. तिला दोन उभ्या बाह्या आणि वर एक माथापट्टी असते. उंबरठा असेल तर खालीही एक आडवे येते. चौकटीचे बाहेरचे माप साडेतीन फूट बाय सात फूट आहे. चिरलेले लाकूड पाच बाय तीन घ्यायचे आहे, त्यातले पाच इंच भिंतीच्या जाडीच्या दिशेने आणि तीन इंच दर्शनी बाजूला. यात रंधा तीनच बाजूंना लागतो. भिंतीकडे लपणारी चौथी बाजू खरबरीतच ठेवतात आणि वाळवी-ओलीपासून जपायला तिला डांबर फासतात. दर्शनी दोन्ही बाजू रंधल्याने पाच इंचांचे पावणेपाच होतात. आतली एकच बाजू रंधल्याने तीन इंचांतले एक सूत जाऊन 2.875 इंच उरतात. म्हणजे 15 चौरस इंचांच्या छेदातून तयार छेद 13.66 चौरस इंचांचा निघतो. ही घट सुमारे नऊ टक्के झाली. चारही बाजू रंधल्या असत्या, तर ती तेरा टक्क्यांवर गेली असती. झडप बसण्यासाठी आतून जी खाच पाडतात, तिचे लाकूड हिशेबातून वजा करत नाहीत, कारण ते आधी विकत घ्यावेच लागते.

लांबीचा हिशेब करताना दार जेवढे दिसते तेवढेच मोजण्याचा मोह होतो. पण बाहीच्या डोक्यावर कुसू असते. ते माथापट्टीच्या खोबणीत आरपार जाते, त्यामुळे बाहीची लांबी माथापट्टीच्या वरच्या कडेपर्यंत धरायची. उंबरठा नसेल तर बाहीचा तळ फरशीत दीड-दोन इंच गाडला जातो. म्हणून सात फुटांच्या चौकटीला बाही सात फूट दोन इंच लागते. बांधकाम चालू असतानाच चौकट उभी करायची असेल, तर माथापट्टीची दोन्ही टोके बाहेर काढून भिंतीत रुतवतात. प्रत्येक बाजूला चार इंच धरले, तर साडेतीन फुटांच्या दाराला माथापट्टी चार फूट दोन इंच होते. दोन बाह्या आणि एक माथापट्टी मिळून साडेअठरा फूट झाले. तयार छेदाने गुणले, तर एका चौकटीत प्रत्यक्ष 1.75 घनफूट लाकूड बसते.

आता हेच लाकूड विकत घ्यायचे आहे. वखारीत नग फुटा-अर्ध्या फुटाच्या टप्प्याने मिळतात आणि नगाची टोके बहुधा उन्हाने तडकलेली असतात. ती दोन-दोन इंच छाटावी लागतात. म्हणून बाहीला साडेसात फुटांचा आणि माथापट्टीला साडेचार फुटांचा नग धरायचा. एकूण लांबी साडेएकोणीस फूट झाली. ती चिरलेल्या पाच बाय तीनच्या छेदाने गुणली की 2.03 घनफूट येतात. चारही चौकटी एकाच मापाच्या धरू आणि मुख्य दाराच्या उंबरठ्याला साडेचार फुटांचा आणखी एक नग मिळवू. चार चौकटींचे 8.12 आणि उंबरठ्याचे 0.47 मिळून 8.59 घनफूट होतात. गाठ, चीर किंवा पांढऱ्या पट्ट्यामुळे बाद होणाऱ्या लाकडासाठी पाच टक्के जोडले, तर चौकटींना नऊ घनफूट लागतात. भिंतीत बसणारे तयार लाकूड आहे 7.41 घनफूट. म्हणजे घ्यायचे लाकूड त्याहून बावीस टक्के जास्त निघाले.

‘दहा टक्के धरा’ या अंदाजाने 8.15 घनफूट आणले असते. कमी पडले असते ते 0.85 घनफुटांच्या आसपास. ऐकायला ही तूट किरकोळ वाटते, पण पाच बाय तीनच्या मापात ती आठ फूट लांबी होते. म्हणजे चार चौकटी उभ्या करायला घेतल्या आणि शेवटच्या चौकटीची एक बाही गायब.

नग कोणत्या लांबीचे घ्यायचे, यावरही बरेच काही ठरते. आठ फुटी नग घेऊन त्यातून एक बाही काढली, की दहा इंचांचा तुकडा उरतो आणि तो चुलीशिवाय कशाच्याही कामाचा नसतो. त्याऐवजी बारा फुटी नग घेतला, तर त्यातून एक बाही आणि एक माथापट्टी निघते. दोन्ही मिळून अकरा फूट चार इंच लागतात आणि उरलेले आठ इंच टोके छाटण्यात जातात. पंधरा फुटी नगातून दोन बाह्या निघतात. सुताराला कापायची यादी आधी दिली, तर तो ही जुळवाजुळव मनातल्या मनात करतो. यादी न देता ‘नऊ घनफूट आणा’ म्हटले, तर वखारीत हाताला लागतील ते नग गाडीत चढतात.

लांब नगाला एक धोका असतो, तो म्हणजे बाक. बारा फुटी नगाला मध्यावर अर्धा इंच बाक असेल आणि तो अख्खाच रंधून सरळ करायला घेतला, तर चार सुतांचे लाकूड जाईल. ठरवलेले एक सूत कुठल्या कुठे राहील. हाच नग आधी साडेसात आणि साडेचार फुटांत कापला, तर मोठ्या तुकड्यात बाक दीड सुतावर येतो आणि लहान तुकड्यात जेमतेम अर्ध्या सुतावर, कारण बाक लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणून जाणता सुतार आधी लांबीत कापतो आणि मग रंधा हातात घेतो. पिळाची गोष्ट मात्र वेगळी. नग सपाट जमिनीवर ठेवल्यावर एक कोपरा उचललेला दिसला आणि दाबल्यावर दुसरा उठला, तर तो चौकटीसाठी घेऊच नये. पीळ काढता काढता छेदच उरत नाही, आणि तो तसाच राहू दिला तर झडप कधीच नीट लागत नाही.

आता तक्तपोशी. इथे फळी चार इंच रुंद आणि एक इंच जाड चिरून घेतात. माळ्याच्या फळ्यांची खालची बाजू खालच्या खोलीतून छत म्हणून दिसते, त्यामुळे दोन्ही बाजूंना रंधा लागतो आणि एक इंचाची फळी पाऊण इंचाची होते. रुंदीत दोन्ही कडा रंधल्याने चार इंचांचे पावणेचार उरतात. शिवाय फळ्या एकमेकींत जीभ-खाचेने बसवायच्या असतील, तर प्रत्येक फळीची पाव इंचाची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेत दडते. म्हणजे चार इंच विकत घेतले तरी जमीन झाकतात ते फक्त साडेतीन इंच.

खोलीची रुंदी दहा फूट, म्हणजे 120 इंच. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून भिंतीलगत दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच मोकळा ठेवतात आणि तो खालच्या पट्टीने झाकतात. उरले 119 इंच. त्याला साडेतीनने भागले की बरोबर 34 ओळी येतात. प्रत्यक्षात भागाकार असा नि:शेष क्वचितच जातो. खोली दहा फूट चार इंच असती, तर 35.14 ओळी आल्या असत्या आणि 36 ओळींचे लाकूड घ्यावे लागले असते, कारण शेवटची ओळ चिंचोळी असली तरी ती अख्ख्या फळीतूनच चिरावी लागते. क्षेत्रफळावरून हिशेब केला तर ही एक ओळ हमखास निसटते. ओळी मोजल्या तर निसटत नाही.

प्रत्येक ओळ बारा फुटांची आहे. कड्या दीड-दीड फुटावर आहेत आणि फळीचा जोड कडीच्या मध्यावरच पडला पाहिजे, नाहीतर तो पायाखाली खाली-वर होईल. सगळे जोड एका रेषेत आले तर जमीन तिथे कमकुवत होते. म्हणून एका ओळीत साडेचार आणि साडेसात फुटांचे तुकडे, दुसरीत सहा-सहा फुटांचे, तिसरीत साडेसात आणि साडेचार फुटांचे, असा क्रम लावतात. हे सगळे जोड दीडच्या पटीत, म्हणजे कडीवरच येतात. प्रत्येक तुकड्याला टोके छाटायला तीन इंच जास्त धरले, तर एक ओळ साडेबारा फुटांची होते आणि 34 ओळींना 425 फूट फळी लागते. 4 × 1 × 425 भागिले 144 केले की 11.8 घनफूट येतात.

फळ्यांत बाद माल चौकटीपेक्षा जास्त निघतो. जाड बाहीतली छोटी गाठ खपून जाते, पण पाऊण इंची फळीतली तीच गाठ आरपार असते आणि कधीतरी निखळून पडते. म्हणून इथे आठ टक्के धरणे रास्त आहे. माल दुय्यम असेल तर बारा ते पंधरासुद्धा. आठ टक्क्यांनी लांबी 459 फूट आणि घनफूट पावणेतेरा होतात. जमिनीवर प्रत्यक्ष बसणारे लाकूड 120 चौरस फूट गुणिले पाऊण इंच, म्हणजे फक्त साडेसात घनफूट. घ्यायचे लाकूड बसणाऱ्या लाकडाच्या 1.7 पट निघाले. यात कोणी लबाडी केलेली नाही. सव्वापाच घनफूट लाकूड रंध्याच्या कीसात, खाचेत दडलेल्या जिभांत, छाटलेल्या टोकांत आणि बाद फळ्यांत जाते.

बरेच जण दुसरी वाट धरतात. एक इंच जाडी धरून 120 चौरस फुटांचे दहा घनफूट काढतात आणि वर दहा टक्के लावून अकरा घनफूट आणतात. तेही पावणेदोन घनफुटांनी कमी पडते. फळीच्या लांबीत ते 63 फूट, म्हणजे पाच ओळी. खोलीच्या एका कडेला दीड फुटांचा उघडा पट्टा राहतो.

फळी रुंद घेतली तर घट थोडी कमी होते. सहा इंचांच्या फळीत झाकणारे साडेपाच इंच मिळतात, त्यामुळे रुंदीतले नुकसान साडेबारा टक्क्यांवरून सव्वाआठ टक्क्यांवर येते. पण रुंद फळी सुकताना जास्त वळते आणि तिच्या कडा उचलल्या जातात. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, आटते ते रुंदीत, आणि वर्तुळाच्या रेषेच्या दिशेने आटणे हे आरपार दिशेच्या साधारण दुप्पट असते. ओल्या सागाची चार इंची फळी सुकेपर्यंत जवळपास एक सूत आटू शकते. ओली फळी बसवली तर ते सूत पुढच्या उन्हाळ्यात प्रत्येक जोडात फटीच्या रूपाने दिसते. आधी सुकवून घेतली तर ते हिशेबात धरावे लागते. म्हणून वखारीत ‘चार इंच’ हे माप ओल्या लाकडाचे की सुक्या, हे विचारायलाच हवे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती जाडीत. समजा बारा इंचांच्या जाड नगातून फळ्या चिरून घ्यायच्या आहेत. सॉ मिलच्या पट्टा-करवतीचे पातेही एका कापाला साधारण एक सूत खाते. पूर्ण एक इंची फळ्या हव्या असतील, तर बारा इंचांतून दहाच निघतात आणि एक पातळ पट्टी उरते. मिलवाल्याला ‘बारा फळ्या काढ’ असे सांगितले, तर तोही काढून देतो, पण प्रत्येक फळी इंचाची न राहता सात सुतांची होते. त्यातून रंध्याची दोन सुते गेली, की पाच सूत जाडीची फळी हाती येते. दीड फुटावरच्या कड्यांवर ती पाय ठेवताच लवते. पावतीवर मात्र ती एक इंच म्हणूनच लागलेली असते. हे ओळखण्याचा उपाय एकच: गठ्ठ्यातल्या पाच-सहा फळ्या काढून दोन्ही टोकांना आणि मध्यावर जाडी मोजणे. करवत वाकडी चालली असेल तर तेही लगेच कळते. चौकटीच्या नगालाही हाच नियम लागू होतो. पाच बाय तीनचा नग दोन्हीकडे एकेक सूत कमी निघाला, तर पैसे पंधरा चौरस इंचांचे जातात आणि मिळतात चौदा. रंध्याला जागाच उरत नाही, ते वेगळेच.

कोणी थेट ओंडका घेऊन चिरून घेतो. त्याची मोजणी अजूनही जुन्या रीतीने होते: घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. 48 इंच घेराचा दहा फुटी ओंडका या रीतीने दहा घनफुटांचा भरतो. भूमितीने त्याचे खरे घनफळ 12.7 घनफूट आहे. हा फरक ग्राहकाच्या बाजूचा दिसतो, पण साल, कडेचा पांढरा पट्टा, गोलाईच्या फाळक्या आणि करवतीचा भुसा यांत तो फायदा सहज आटून जातो. सागाच्या पांढऱ्या पट्ट्याला किडीचे भय असते, म्हणून तो चौकटीत येऊ देऊ नये. ओंडक्याचा भाव आणि चिरलेल्या मालाचा भाव यांची तुलना करताना दोन्हीकडचे घनफूट एकच नसतात, हे लक्षात ठेवावे लागते.

मोबदल्याच्या मोजणीत हे सगळे पुन्हा उलटे होते. सार्वजनिक बांधकामाच्या रीतीप्रमाणे चौकट बसवल्यानंतर तयार मापाने मोजतात. कुसू आणि भिंतीत रुतलेली टोके लांबीत धरतात, खाच वजा करत नाहीत. रंध्याची आणि कापाची घट वेगळी मोजत नाहीत, कारण ती ठेकेदाराच्या दरातच धरलेली असते. घरच्या कामात मालासकट ठेका दिला असेल, तर घट ठेकेदाराची. मजुरीवर काम दिले आणि लाकूड मालकाने आणून दिले, तर घट मालकाची. त्यामुळे दोन सुतारांच्या दरांत फरक दिसला, तर त्यांनी घनफूट तयार मापाने लावला आहे की चिरलेल्या मापाने, हे आधी विचारावे.

या घरासाठी चौकटींचे नऊ आणि तक्तपोशीचे पावणेतेरा मिळून पावणेबावीस घनफूट लाकूड लागेल, म्हणजे सुमारे 0.62 घनमीटर. वखारीत मात्र हा एकच आकडा सांगू नये. चौकटींसाठी पाच बाय तीनचे बारा फुटी चार नग, साडेसात फुटी चार नग, उंबरठ्याचा साडेचार फुटी एक आणि अडचणीला आठ फुटी एक नग जादा, अशी यादी कागदावर लिहावी. फळ्यांची यादी पावणेपाच, सव्वासहा आणि पावणेआठ फुटांच्या तुकड्यांत द्यावी, आणि तिच्या शेवटी ‘एक इंच म्हणजे आठ सूत, चिरल्यावर मोजून’ असे स्वच्छ लिहून त्यावर वखारवाल्याची सही घ्यावी.